स्क्रिप्टला वेळा चिकटवल्या म्हणजे रनडाउन होत नाही

तू पाठवलेली फाइल पाहिली. वर ठळक अक्षरांत ‘रनडाउन’ लिहिलंयस. खाली काय आहे? तुझीच स्क्रिप्ट. तीच वाक्यं, तोच क्रम. डावीकडे एक रकाना ओढलास आणि त्यात ‘५ मि.’, ‘१५ मि.’, ‘८ मि.’ असे आकडे भरलेस. झालं काम? याला पाट्या टाकणं म्हणतात. नवख्याने हे केलं असतं तर मी शेजारी बसवून शिकवलं असतं. तू नवखा नाहीस. तुला सगळं येतं. म्हणूनच राग आलाय.

आधी एक सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना ‘सरांना काहीच आवडत नाही’ या आडोशाला लपता येणार नाही. स्क्रिप्ट चांगली आहे. १७३९ चा फेब्रुवारी ते मे हा वसईच्या वेढ्याचा काळ तू नीट उभा केलायस. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग, मग १६ मेचा शरणागतीचा तह, हे सगळं योग्य जागी आलंय. शब्दांत आव नाही. पण स्क्रिप्ट काय बोलायचं ते सांगते. ६ वाजून ९ मिनिटांनी कोणाचा माइक उघडा, कोणता कॅमेरा पडद्यावर, कोणाच्या कानात काय चाललंय आणि उशीर झाला तर पहिल्यांदा काय कापायचं, हे स्क्रिप्ट सांगत नाही. ते रनडाउनने सांगायचं असतं. तुझ्या फाइलमध्ये यातलं एक तरी आहे? एक तरी?

मिक्सरवर बसणारा मुलगा तुझी कविता वाचायला बसत नाही. त्याला एका नजरेत ओळ सापडली पाहिजे. त्याला तू सव्वीस पानं दिलीस. कार्यक्रम चालू असताना तो पानं उलटत बसणार, आणि तुझा निवेदक बंद माइकमध्ये ओठ हलवत राहणार. मग तू कोणाला ओरडणार? त्यालाच ना?

आता तुझे आकडे घेऊ. कार्यक्रम एका तासाच्या थेट प्रक्षेपणाचा, संध्याकाळी ६ ते ७. मंच किल्ल्यातल्या चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी. दुसरा निवेदक समुद्राकडच्या दरवाजात. तिसरी निवेदिका मंचामागे तंबूत, डेस्कवर. तुझ्या रकान्यात शीर्षकाला १ मिनिट, प्रास्ताविकाला २, दीपप्रज्वलन आणि स्वागताला ५, वेढ्याच्या चित्रफितीला ४, व्याख्यानाला १५, पोवाड्याला १२, प्रमुख पाहुण्यांना ८, दरवाजातून निवेदनाला ६ आणि आभाराला ३. बेरीज ५६. खाली तू लिहिलंयस, ‘४ मिनिटं हातात’. कुठल्या हातात?

प्रास्ताविक मोठ्याने वाचून पाहिलंस का? घड्याळ लावून, उभं राहून, मंचावर वाचतात त्या गतीने? नाही वाचलंस. मी वाचलं. त्यात ४१० शब्द आहेत. सावकाश, श्वास घेत निवेदन करणारा माणूस मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास जातो. म्हणजे ३ मिनिटं २५ सेकंद. तू २ लिहिलेस. का? कारण २ हा आकडा दिसायला बरा. डोळ्यांनी वाचताना प्रत्येक मजकूर लहानच वाटतो. हे तुला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं आणि तेव्हा तू मान डोलावली होतीस.

पुढे स्वागत. यादीत ११ मान्यवर. नाव पुकारायचं, माणूस उठणार, शाल, श्रीफळ, फोटोवाल्याकडे वळून उभं राहणं, परत जागेवर बसणं. घाईतसुद्धा माणशी ४० सेकंद. ११ गुणिले ४० म्हणजे ७ मिनिटं २० सेकंद. दीपप्रज्वलनाची २ मिनिटं वेगळी, कारण समुद्राच्या वाऱ्यात वात पहिल्या काडीला पेटत नाही. झाली ९ मिनिटं २० सेकंद. तू लिहिलीस ५. वसईत वाढलास, अशा किती समारंभांना गेलास, एकदा तरी स्वागत पाच मिनिटांत आटपलेलं पाहिलंयस?

चित्रफीत तुझ्याच लॅपटॉपवर आहे. तिची लांबी ४ मिनिटं १० सेकंद आहे. फाइलवर लिहिलेला आकडा वाचायलासुद्धा तुला कंटाळा? दहा सेकंदांनी काय होतं, असं मनात आलं असेल तर सांगतो काय होतं. मंचावरची निवेदिका ४ मिनिटं धरून माइक उचलते, आणि चित्रफितीतल्या शेवटच्या वाक्यावर तिचा खाकरल्याचा आवाज सगळ्या जगाला ऐकू जातो.

आणि सांधे? नऊ गोष्टी एकापुढे एक ठेवल्यास की त्यांच्यामध्ये आठ सांधे येतात. तू आठही शून्य सेकंदांचे धरलेस. पोवाड्याच्या आधी ढोलकी, तुणतुणं, झांज मंचावर यायची, प्रत्येकाला माइक लागायचा, शाहिरांनी एकदा आवाज तपासायचा. २ मिनिटं. उरलेले सात सांधे प्रत्येकी १५ सेकंदांचे धरले तरी पावणेदोन मिनिटं. आता खरी बेरीज कर. ६१ मिनिटं ५५ सेकंद आणि वर सांध्यांची ३ मिनिटं ४५ सेकंद. ६५ मिनिटं ४० सेकंद. अजून एकही वक्ता एक सेकंद लांबलेला नाही, आणि तुझा कार्यक्रम साडेपाच मिनिटांहून जास्त बुडालाय. ‘४ मिनिटं हातात’ म्हणे. हा हिशेब पाचवीच्या पोरालाही येतो. तू केला नाहीस, कारण केला असता तर काहीतरी कापावं लागलं असतं, आणि आपलंच लिहिलेलं कापायला जिवावर येतं. मग सोपी वाट कोणती? डोळ्यांवर कातडं ओढायचं.

याहून मोठी चूक क्रमाची आहे. समुद्राकडच्या दरवाजातलं निवेदन तू शेवटून दुसरं ठेवलंस. का, तर ‘भावनिक शेवट’. तुझ्याच आकड्यांप्रमाणे ते ६:४७ ला येतं. खऱ्या आकड्यांनी येतं ६:५६ ला. त्यात व्याख्याते आणि पाहुणे मिळून दहा मिनिटं जास्त बोलले, आणि ते बोलतातच, की झाले ७:०६. मेच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सात-पाचच्या सुमाराला बुडतो. जुन्या दगडी कमानीच्या सावलीत उभा असलेला माणूस, मागे मावळतीचं उजळ आभाळ, पुढे एकही दिवा नाही. पडद्यावर काय दिसणार? काळी बाहुली. ज्या दृश्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच दिसणार नाही.

काही वेळा सरकतात, काही सरकत नाहीत. हे तू स्क्रिप्ट हातात घेतल्या घेतल्या वेगळं करायला हवं होतंस. डिसेंबरात आपल्या महापालिकेची मॅरेथॉन असते. तिथे पाहुणे बोलतायत म्हणून झेंडा थांबवता येतो का? हजारो माणसं रेषेवर उभी असतात, पुढचे रस्ते बंद केलेले असतात. ती वेळ खुंटी मारलेली. तुझ्या कार्यक्रमात अशा खुंट्या तीन आहेत. ६:०० ची सुरुवात, कारण तीच वेळ जाहीर केलीयस. ७:०० चा शेवट. आणि उजेड असताना दरवाजातलं निवेदन. आधी या तीन खुंट्या ठोकायच्या, मग बाकीचं त्यांच्यामध्ये बसवायचं. तू उलटं केलंस. स्क्रिप्ट जशी सुचली तशी ओतलीस आणि वेळ तिच्या मागे फरपटत नेलीस.

शेवटाकडून मोजायला शिकवलं होतं. आठवतंय? ७:०० ला पडद्यावर शेवटची पाटी उतरली पाहिजे. पाटीला १ मिनिट, म्हणून ती ६:५९ ला चढणार. आभाराला ३ मिनिटं कशाला? नावांची यादी पाटीवर टाक, तोंडाने २ मिनिटं. म्हणजे आभार ६:५७ ला सुरू झालेच पाहिजेत. हा आकडा रनडाउनमध्ये लाल. घड्याळात ६:५७ वाजले की मंचावर कोण आहे, काय चाललंय, याला अर्थ नाही. असं शेवटून मागे येत गेलास की प्रत्येक ओळीसमोर ‘ही गोष्ट उशिरात उशिरा केव्हा सुरू झाली पाहिजे’ ही वेळ आपोआप पडते. ती वेळ आणि हातातलं घड्याळ यांच्यातला फरक म्हणजे तू किती मागे आहेस ते. याशिवाय कार्यक्रम चालवणं म्हणजे नुसतं देवावर हवाला ठेवणं.

आता नीट मांडून दाखवतो. पुन्हा दाखवणार नाही.

६:००:०० शीर्षक, २० सेकंद.
६:००:२० प्रास्ताविक, २ मिनिटं. ४१० शब्दांचे २४० कर.
६:०२:२० दीपप्रज्वलन आणि फक्त प्रमुख पाहुण्यांचं स्वागत, २ मिनिटं ४० सेकंद. बाकीच्या दहा जणांचा सत्कार पावणेसहाच्या आधी, प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वी.
६:०५:०० चित्रफीत, ४ मिनिटं १० सेकंद.
६:०९:१० मंचावरून दरवाजाकडे सोपवणी, २० सेकंद.
६:०९:३० दरवाजातून निवेदन, ६ मिनिटं.
६:१५:३० परत मंच, व्याख्यात्यांची ओळख, ३० सेकंद.
६:१६:०० व्याख्यान, १४ मिनिटं.
६:३०:०० डेस्क, अडीच मिनिटं. या वेळात मंचावर पोवाड्याची मांडणी.
६:३२:३० पोवाडा, १२ मिनिटं.
६:४४:३० पाहुण्यांची ओळख, ३० सेकंद.
६:४५:०० पाहुण्यांचं भाषण, ८ मिनिटं.
६:५३:०० डेस्कवरून प्रेक्षकांचे संदेश, ४ मिनिटं. कापायला पहिलं हेच.
६:५७:०० आभार, २ मिनिटं.
६:५९:०० शेवटची पाटी.

बघ, बसलं की नाही? तुझा एकही विषय गेला नाही. दरवाजा भर उजेडात आला. पोवाड्याच्या मांडणीची दोन मिनिटं प्रेक्षक रिकाम्या मंचाकडे बघत बसणार होते, तिथे आता डेस्कवरची निवेदिका वसईच्या घंटांची गोष्ट सांगेल. वसईतून गेलेली घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही टांगलेली आहे, हे तुझ्या स्क्रिप्टच्या बाविसाव्या पानावर पडून होतं. ते फक्त योग्य जागी उचलून ठेवायचं होतं. आणि ६:५३ ची ती चार मिनिटं हीच तुझी खरी शिल्लक. पाहुणे चार मिनिटं लांबले तर संदेश गेले, आभार तरीही ६:५७ लाच. शिल्लक कार्यक्रमाच्या शेवटी, पण आभारांच्या आधी ठेवायची. तू ती कागदाच्या तळाशी ठेवलीस. तिथे ती कोणाच्या उपयोगाची?

आता सोपवणी. खरं तर याच्यासाठीच तुला समोर बसवलंय.

परवाच्या तालमीत काय झालं ते तूही पाहिलंस, मीही पाहिलं. मंचावरची म्हणाली, ‘तर मंडळी, आता आपण जाऊया थेट किल्ल्याच्या दरवाजात.’ मिक्सरवाल्याने कॅमेरा बदलला. दरवाजातला मुलगा पडद्यावर. तो काय करत होता? कानातल्या तारेशी खेळत इकडेतिकडे बघत होता. मी मनात मोजलं. अकरा सेकंद. मग तो ‘हॅलो, येतोय का आवाज?’ म्हणाला. त्याच वेळी मंचावरची पुन्हा म्हणाली, ‘हो, बोला.’ दोघे एकदम बोलले, दोघे एकदम गप्प झाले. आणि तू हसलास. म्हणालास, ‘तालीम आहे सर, त्या दिवशी होईल बरोबर.’ कशाच्या जोरावर होईल? तालमीत जे कागदावर नव्हतं, ते त्या दिवशी कुठून उगवणार?

तुझ्या फाइलमध्ये त्या जागी काय लिहिलंय ते वाच. ‘येथून निवेदन दुसऱ्याकडे.’ तीन शब्द. आणि दोष देतोस त्या मुलाला. नाचता येईना अंगण वाकडं!

सोपवणीत नक्की काय असतं, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहून देतो, म्हणजे ‘माहीत नव्हतं’ हे दार बंद. देणाऱ्याचं शेवटचं वाक्य शब्दशः. घेणाऱ्याचं पहिलं वाक्य शब्दशः. घेणाऱ्याचा माइक कोणत्या शब्दावर उघडायचा. कॅमेरा कोणत्या शब्दावर बदलायचा. देणाऱ्याचा माइक केव्हा बंद. पाचही गोष्टी एका ओळीत. मधलं बोलणं निवेदकाने थोडं इकडेतिकडे केलं तर चालतं. शेवटच्या वाक्यातला एक शब्दही हलवायचा नाही, कारण त्या वाक्यावर पाच माणसांचे हात टांगलेले असतात. आकाशवाणीत ध्वनिफितीबरोबर क्यू शीट जोडायची शिस्त होती. पहिले शब्द, शेवटचे शब्द, लांबी. फीत लावणाऱ्याला आतला विषय कळो न कळो, कुठे सुरू करायचं आणि कुठे तयार राहायचं ते कळायचं. तुझ्याकडे स्वस्तातला मिक्सर आहे, चार कॅमेरे आहेत, मोबाइलवर चालणारी जोडणी आहे. ती एका कागदाची शिस्त मात्र नाही.

आता ६:०९:१० ची ओळ कशी असावी, तेवढं बघ. मंचावरची वीस सेकंद बोलते आणि तिचं शेवटचं वाक्य असं: ‘त्या दरवाजापाशी आजही तोच समुद्र आहे.’ दरवाजातल्याचं पहिलं वाक्य: ‘माझ्या पाठीशी आहे तो हाच दरवाजा.’ बस. ‘नमस्कार’ नाही, ‘धन्यवाद’ नाही, ‘ऐकू येतंय का’ नाही, एकमेकांची नावं घेऊन लोणी लावणं नाही. दरवाजातलं चित्र मोबाइल जोडणीतून येतं, त्याला मंचापर्यंत पोहोचायला दोन सेकंद लागतात, हे तालमीत टाळी वाजवून आपण मोजलंय. म्हणून दिग्दर्शक ‘आजही’ या शब्दावरच त्याला ‘गो’ म्हणतो, वाक्य संपायची वाट बघत नाही. तो तिथे बोलायला लागतो, मंचावरचं वाक्य संपतं, कॅमेरा बदलतो आणि त्याचा पहिला शब्द पडद्यावर वेळेत येऊन पडतो. वाक्य संपल्यावर ‘गो’ म्हटलंस तर त्याला ऐकू येईपर्यंत, तो श्वास घेईपर्यंत, चित्र इकडे येईपर्यंत चार सेकंदांचा खड्डा पडतो. तो खड्डा कोणाच्याही अनुभवाने बुजत नाही. कागदावर बुजवावा लागतो.

अकरा सेकंद का झाले, हे शोधलंस? नाही. मी त्या मुलाला विचारलं. तो फोनवर यूट्यूब लावून मंचाचं बोलणं ऐकत होता आणि आपली पाळी कधी येते ते तिथे बघत होता. यूट्यूबवर प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, कधी दहा, कधी वीस, सेटिंग तसं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे त्याला जेव्हा ‘आता आपण जाऊया’ ऐकू येणार, त्याच्या कितीतरी आधीच तो पडद्यावर गेलेला असणार. हे तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. मागच्या सत्रात यावर तू स्वतः उत्तर लिहिलंयस, आणि बरोबर लिहिलंयस. त्याच्या कानात मिक्सरवरून थेट आवाज गेला पाहिजे, आणि त्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला पाहिजे, नाहीतर स्वतःचंच बोलणं उशिरा कानात येऊन त्याची जीभ अडखळते. दिग्दर्शकाच्या सूचना त्याच कानात. हे परीक्षेत लिहायला येतं आणि रनडाउनच्या रकान्यात लिहायला येत नाही? तिथे दोनच शब्द हवे होते, ‘कानात: टॉकबॅक’. तेवढं वाचून तार टाकणाऱ्याने साधा फोन कॉल तरी जोडून दिला असता.

परत येताना तर तू काहीच लिहिलं नाहीस. दरवाजातून मंचाकडे येणारी सोपवणी जास्त अवघड, कारण दोन सेकंदांचा उशीर आता उलट बाजूने बसतो. त्याचं बोलणं तिकडे संपलेलं असतं आणि इकडे अजून दोन सेकंद यायचं असतं. त्याने शेवटच्या शब्दानंतर लगेच माइक काढला, तर प्रेक्षकांना वाक्य ऐकू येतं आणि पाठोपाठ शर्टावर माइक घासल्याची खरखर. म्हणून त्याच्या ओळीत लिहायचं: ‘शेवटच्या शब्दानंतर कॅमेऱ्याकडे बघत पाच सेकंद स्थिर. “क्लिअर” ऐकू आल्याशिवाय हलायचं नाही.’ एवढंच. हे लिहायला किती वेळ लागतो? तुझी मोबाइलवरची बोटं इतर वेळी बरीच चपळ चालतात.

आणि जोडणी तुटली तर? संध्याकाळची वेळ, किल्ल्यात गर्दी, प्रत्येकाच्या हातात चालू मोबाइल. तुटू शकते, हे सांगायला ज्योतिषी नको. तुझ्या फाइलमध्ये ‘नाही झालं तर’ हा रकानाच नाही. आदल्या संध्याकाळी त्याच दरवाजात, त्याच माणसाकडून तेच निवेदन तीन मिनिटांत ध्वनिचित्रमुद्रित करून ठेव. मिक्सरवर तयार. सोपवणीच्या ३० सेकंद आधी दिग्दर्शक दरवाजाचं चित्र बघतो. चित्र अडकतंय असं दिसलं, की मंचावरचीचं शेवटचं वाक्य तेच राहतं आणि पुढे मुद्रित तुकडा लागतो. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. वाचलेली तीन मिनिटं ६:५३ च्या संदेशांत जातात. हा निर्णय कोण घेणार, त्याचं नाव त्या ओळीत लिहायचं. एकच नाव. ‘सर्वांनी मिळून ठरवू’ असं लिहिलंस तर कोणीच ठरवत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची तुझी सवय मोडली पाहिजे.

आता तुझी कारणं. मला माहीत आहेत, तीच ती.

‘निवेदक अनुभवी आहेत, सांभाळून घेतील.’ अनुभवी माणूस काय सांभाळतो? स्वतःचं बोलणं. दुसऱ्याचा माइक बंद आहे हे त्याला दिसत नाही. शेजारच्या तंबूतली निवेदिका कधी सुरू करणार हे त्याला कळत नाही. आणि तिघे अनुभवी असले, तर तिघेही एकदम सांभाळायला जातात आणि तिघेही एकदम बोलतात. परवा पाहिलंस की.

‘लाइव्ह म्हणजे उत्स्फूर्त हवं.’ शाहीर उत्स्फूर्त होऊ शकतात, कारण ढोलकीवाला ठेक्यावर पक्का असतो. ठेका सोडून कोण उत्स्फूर्त होतं? त्याला गोंधळ म्हणतात. उत्स्फूर्तपणा दरवाजातल्या त्या सहा मिनिटांच्या आत हवा तेवढा कर. सहा मिनिटांच्या दोन टोकांना नाही.

‘मान्यवर वेळ पाळत नाहीत.’ खरं आहे. मग त्यांना वेळ दाखवायची सोय केलीस का? मंचासमोर, भाषण करणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत, मोठ्या अक्षरांत उलट चालणारं घड्याळ. दोन मिनिटं उरली की पाटी, एक उरली की पाटी. पाहुण्यांना सहा दिवस आधी फोन करून ‘आपल्यासाठी आठ मिनिटं आहेत’ असं आदराने सांगणं. यातलं काही केलंस? नाही. मोठ्या माणसाला वेळ सांगायची भीती वाटते, म्हणून दोष त्यांच्या माथी. प्रक्षेपण सात वाजता संपतं हे सांगितलं, तर बहुतेक मोठी माणसं ऐकतात. न सांगता अपेक्षा करणं हा तुझा दोष आहे, त्यांचा नाही.

‘वेळ नव्हता.’ हे माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. पडद्यावरच्या नावपट्टीचा रंग ठरवायला तुला वेळ होता. शीर्षकाचं संगीत तीनदा बदलायला वेळ होता. जे करायला मजा येते त्याला वेळ मिळतो. बेरीज करायला, मोठ्याने वाचायला, शेवटचं वाक्य ठरवायला मजा येत नाही, म्हणून ते ‘नंतर बघू’. तू आळशी आहेस असं मी म्हणत नाही. आळशी माणूस सव्वीस पानांची स्क्रिप्ट लिहीत नाही. तू सोयीचं काम भरपूर करतोस, आणि त्या घामाच्या आड गैरसोयीचं काम लपवतोस. स्वतःलाच फसवतोस. मला फसवता येणार नाही.

आता काय करायचं ते ऐक. स्क्रिप्ट आणि रनडाउन वेगळे कर. स्क्रिप्ट निवेदकांच्या हातात. रनडाउन दोन पानांत, जास्त नाही. रकाने एवढेच: ओळीचा क्रमांक, घड्याळाची वेळ, लांबी, काय, कोण, कुठला माइक, पडद्यावर काय, शेवटचे शब्द, नाही झालं तर. दहावा रकाना घालायचा मोह झाला तर आवर. प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख, कारण तालमीत दोघांच्या हातात जुनी प्रत होती आणि ‘ओळ सात’ म्हटल्यावर तिघे तीन ठिकाणी बघत होते. बदल झाला की ओळींचे क्रमांक हलवायचे नाहीत. कापलेली ओळ काट मारून तशीच ठेवायची, नवीन ओळीला ‘७ अ’ म्हणायचं. प्रत्येक निवेदकाला त्याच्यापुरत्या सोपवण्यांची वेगळी चिठ्ठी दे, जाड अक्षरांत, वाऱ्याने उडणार नाही अशा पुठ्ठ्यावर.

मग फक्त सांध्यांची तालीम घे. भाषणं नकोत, पोवाडा नको. प्रत्येक गोष्टीची शेवटची २० सेकंद आणि पुढच्या गोष्टीची पहिली २० सेकंद, सगळे सांधे, खऱ्या जागी, खऱ्या जोडणीवर, संध्याकाळी सहाच्या उजेडात. दोन सेकंदांपेक्षा मोठा खड्डा दिसला की थांबायचं, कारण शोधायचं, कागदावर दुरुस्ती करायची, तोच सांधा पुन्हा. एका तासात उरकतं. हा एक तास तू गेल्या वेळीही वाचवला होतास. काय मिळालं त्यातून?

शुक्रवारी सकाळी दहाला दोन पानं घेऊन ये. मी मधलीच एखादी ओळ काढून विचारीन. किती वाजता, कोण, कुठला माइक, शेवटचा शब्द कोणता, आणि नाही झालं तर निर्णय कोणाचा. कागदाकडे न बघता सांगायचं. अडलास तर ते पान परत नेऊन पुन्हा करायचं, सोळा मेच्या कार्यक्रमापर्यंत कितीही वेळा. तुला जमणार नाही असं वाटलं असतं, तर एवढं बोलत बसलोच नसतो. हे काम दुसऱ्याला दिलं असतं.